कॅपवर मोमेंट असताना प्रत्येक पाइलवर किती भार, आणि तो ०.७६ आला कुठून?

प्रश्न : सर, हुगळीच्या काठावर एका औद्योगिक शेडचं काम करतोय, पाइल ग्रुपचं डिझाइन पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. कॉलमखाली ५०० मिमी व्यासाचे, २० मीटर लांबीचे सहा बोअर पाइल आहेत. दोन रांगा, प्रत्येकीत तीन, अंतर १.५ मीटर. कॉलमचा भार १५०० किलोन्यूटन, लांब बाजूच्या दिशेने वारा व क्रेनचा मोमेंट २७० किलोन्यूटन-मीटर, आडवा जोर ५०. मी १५००/६ = २५० अधिक मोमेंटचे ४५, असे सर्वांत जास्त २९५ काढले. एका पाइलचा सेफ लोड ४१४. कॉन्वर्स-लॅबारने एफिशियन्सी ०.७६ आली, म्हणून ४१४ × ०.७६ = ३१५. २९५ < ३१५, म्हणून पास. वरिष्ठांनी दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल काढून शीट परत केली आणि ‘नीट बघ’ एवढंच म्हणाले. काय चुकलं?

उत्तर :

ग्रुप पास होतो हे खरं, पण तुमच्या शीटमुळे नाही. तुम्ही भार कमी धरलात आणि क्षमताही कमी धरलीत, म्हणून दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. खरी तुलना ३४८ विरुद्ध ४१४ अशी आहे. समजा तुम्ही भाराची चूक तेवढी सुधारली असती आणि ०.७६ तसाच ठेवला असता, तर ३४८ विरुद्ध ३१५ येऊन ग्रुप नापास झाला असता आणि प्रत्येक कॉलमखाली गरज नसताना आणखी पाइल घातले गेले असते. वरिष्ठांनी दोन्हीकडे गोल काढला, तो म्हणून योग्यच आहे.

आधी भाराची बाजू, कारण ती सोपी आहे.

पाइलच्या डोक्यावर जे येतं ते कॉलमच्या तळाशी थांबत नाही. तिथून खाली कॅप आहे आणि कॅपवर माती. तुमच्या ग्रुपला कडेने १५० मिमी बाहेर काढलेली कॅप धरली तर ती ३.८ × २.३ मीटर होते. जाडी ०.९ मीटर धरू. तिचं वजन १९७ किलोन्यूटन. वर अर्धा मीटर माती असेल तर आणखी ७९. म्हणजे २७६ किलोन्यूटन, पाइलमागे ४६, तुमच्या शीटमध्ये नाहीतच. दुसरी गोष्ट मोमेंटची. आडवा जोर ५० हा कॅपच्या माथ्यावर लागतो आणि पाइल सुरू होतात कॅपच्या तळाशी. मधल्या ०.९ मीटरमुळे ५० × ०.९ = ४५ एवढा मोमेंट वाढतो. २७० चे ३१५ झाले. स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या प्रतिक्रिया जशाच्या तशा उचलल्या की ही चूक हमखास होते, कारण सॉफ्टवेअरला कॅप ठाऊकच नसते. त्या प्रतिक्रिया नेमक्या कोणत्या पातळीवरच्या आहेत, हे शीटच्या पहिल्याच ओळीत लिहायची सवय लावा.

आता सूत्र. ते तुम्ही वापरलंच आहे.

```
P_i = V/n ± M·x_i / Σx²
```

V = १७७६, n = ६, म्हणून सरासरी २९६. कडेचे चार पाइल मध्यापासून १.५ मीटरवर, मधले दोन शून्यावर, म्हणून Σx² = ४ × १.५² = ९. मोमेंटचा वाटा ३१५ × १.५ / ९ = ५२.५. एका कडेच्या दोन पाइलवर ३४८.५, मधल्या दोघांवर २९६, दुसऱ्या कडेच्या दोघांवर २४३.५. बेरीज करून पाहा, १७७६ यायलाच हवी. ही बेरीज दर वेळी करा. ती जुळली नाही तर कुठेतरी चिन्ह तरी चुकलंय किंवा एखादा पाइल मोजायचा राहिलाय.

हे सूत्र कशावर उभं आहे ते मात्र डोक्यात ठेवा, कारण पुढचे सगळे घोळ तिथूनच निघतात. कॅप इतकी ताठ आहे की ती वाकत नाही, फक्त कलते, असं आपण धरलंय. सगळे पाइल सारख्याच स्प्रिंगसारखे आहेत असंही धरलंय. कॅप कलली की मध्यापासून जितकं दूर तितका पाइल जास्त दबणार, आणि स्प्रिंग सारखीच असल्यामुळे जितका जास्त दबला तितका जास्त भार घेणार. यात मातीचा उल्लेख कुठेही नाही. हे सूत्र फक्त वाटणी करतं. वाट्याला आलेलं पाइलला पेलेल का, हा प्रश्न वेगळा आहे.

वाटणी संपवण्याआधी आणखी एक संयोग तपासा, जो नव्या लोकांच्या शीटमध्ये बहुतेकदा नसतो. सर्वांत जास्त भाराचा नव्हे, सर्वांत कमी भाराचा. शेड हलकी असते, आणि वाऱ्याने छप्पर उचललं जातं तेव्हा कॉलमवर खालचा भार राहतच नाही. समजा एखाद्या संयोगात कॉलमला १०० किलोन्यूटनचा वर ओढ आहे आणि मोमेंट तोच ३१५ आहे. V = २७६ − १०० = १७६. सरासरी २९, त्यातून ५२.५ वजा, म्हणजे कडेच्या पाइलला सुमारे २३ किलोन्यूटन ताण. हुगळीकाठी पावसाळ्यात पाणी जमिनीपर्यंत येतं, मग कॅप आणि मातीचं वजन उत्प्लावनामुळे १२२ ने कमी होऊन ताण ४३ वर जातो. आकडा लहान आहे, पण ताण आला की पाइलच्या तळाचा आधार संपतो, फक्त बाजूचं घर्षण आणि पाइलचं स्वतःचं वजन उरतं. आणि पाइलचं स्टील कॅपमध्ये पुरेशी लांबी घेऊन बांधलेलं असायला हवं. दाबाच्या हिशोबात सहज पास होणारा पाइल इथे तपशिलात मार खातो.

आता त्या ०.७६ कडे येऊ. खरी गंमत तिथे आहे.

कॉन्वर्स-लॅबारचं सूत्र एकदा नीट वाचा.

```
E = 1 − θ·[(n−1)m + (m−1)n] / (90·m·n),   θ = atan(D/s)
```

तुमच्याकडे D/s = ०.५/१.५, θ = १८.४ अंश, m म्हणजे दोन रांगा, n म्हणजे इथे प्रत्येक रांगेतले तीन पाइल. उत्तर ०.७६ येतं, गणित तुमचं चुकलेलं नाही. पण या सूत्रात काय काय नाही ते बघा. मातीची ताकद नाही. पाइलची लांबी नाही. चिकणमाती की वाळू की खडक, त्याचा पत्ता नाही. पाइल ठोकून बसवलेत की बोअर केलेत, तेही नाही. फक्त व्यास, अंतर आणि रांगा. म्हणजे हाच ग्रुप तुम्ही मुंबईत बेसॉल्टमध्ये सॉकेट करून उभा केलात तरी हे सूत्र ०.७६ च देणार, आणि तिथे खडकावर टेकलेल्या पाइलच्या तळाला शेजाऱ्याचा काहीच उपद्रव नसतो. असाच दुसरा एक जुना ठोकताळा आहे, फेल्डचा. प्रत्येक शेजारी पाइलमागे क्षमतेचा १/१६ भाग कमी करायचा, तिरक्या शेजाऱ्यासह. तुमच्या ग्रुपला तो ०.७७ देतो. दोन्ही उत्तरं जुळली म्हणून लोक खूश होतात. पण दोन्ही ठोकताळे फक्त नकाशा पाहतात, आणि नकाशा एकच असेल तर ते साधारण सारखंच बोलणार. त्यांच्या जुळण्याने मातीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

चिकणमातीतल्या घर्षण पाइलसाठी विचारायचा खरा प्रश्न असा : सहा पाइल आणि त्यांच्यामधली माती मिळून एक मोठा ठोकळा होतो. तो ठोकळा अख्खाच्या अख्खा खाली सरकणं सोपं, की सहा पाइल आपापले सुटे सरकणं? जे सोपं असेल ते घडणार. म्हणून दोन्ही क्षमता काढायच्या आणि जी लहान ती घ्यायची.

तुमचा ४१४ कसा आला असावा ते आधी बघू. सॉइल रिपोर्ट माझ्यासमोर नाही, म्हणून मी हे आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. वरचे १२ मीटर मऊ चिकणमाती, निचरा न होता मिळणारी ताकद cu = २५ किलोपास्कल, त्यातला पाइलच्या बाजूला मिळणारा हिस्सा α = १. त्याखालचे ८ मीटर घट्ट चिकणमाती, cu = ७०, α = ०.५. बाजूचं घर्षण १.५७ × (१२ × २५ × १ + ८ × ७० × ०.५) = १.५७ × ५८० = ९११. तळाचा आधार ९ × ७० × ०.१९६ = १२४. एकूण १०३५, सुरक्षा गुणक २.५, उत्तर ४१४. सहा पाइलांची सुटी अंतिम क्षमता ६२१०.

आता ठोकळा. पाइलांच्या बाहेरच्या कडांनी मोजला तर ३.५ × २.० मीटर, परिघ ११ मीटर, खोली २०. ठोकळ्याच्या बाजूला माती मातीवर घासते, काँक्रीटवर नाही, म्हणून तिथे α लावायचा नाही, पूर्ण cu घ्यायचा. बाजू : ११ × (१२ × २५ + ८ × ७०) = ११ × ८६० = ९४६०. तळ : आयत असल्यामुळे ९ ऐवजी ८.४ घेतो, ८.४ × ७० × ७ = ४११६. एकूण १३,५७६. सुट्या बेरजेच्या दुपटीहून जास्त. म्हणजे ठोकळा सरकण्याचा प्रश्नच नाही, पाइल सुटेच वागतील, आणि ताकदीच्या अर्थाने ग्रुपची एफिशियन्सी १. तुमच्या ३४८ ची तुलना सरळ ४१४ शी करा. वाऱ्याच्या संयोगात आयएस २९११ सेफ लोडवर जी २५ टक्के सवलत देते, तिलाही हात लावायची गरज नाही.

मग ठोकळा कधी भारी पडतो? पाइल खूप, अंतर कमी, आणि माती वरपासून खालपर्यंत मऊ असेल तेव्हा. हेच पाइल घ्या, पण २० मीटर सगळी माती cu = २५ ची, आणि ग्रुप ५ × ५ चा. एका पाइलची अंतिम क्षमता ८३० च्या आसपास, पंचवीसांची बेरीज साधारण २०,७५०. अंतर २D म्हणजे १ मीटर ठेवलं तर ठोकळा ४.५ मीटर बाजूचा, त्याची क्षमता १३,५५०, म्हणजे एफिशियन्सी ०.६५. अंतर २.५D केलं की ठोकळा १७,८०० पेलतो, ०.८६. अंतर ३D केलं की ठोकळा २२,५०० पर्यंत जातो, सुट्या बेरजेच्या पुढे, आणि एफिशियन्सी १ वर टेकते. घर्षण पाइलांना किमान ३D आणि तळावर टेकणाऱ्यांना २.५D असं आयएस २९११ म्हणते, त्यामागचं इंगित या तीन आकड्यांत दिसतं. तुम्ही १.५ मीटर ठेवलंत, ते ३D आहे, म्हणजे एफिशियन्सीचा बराचसा प्रश्न तुम्ही नकाशावरच मिटवून ठेवला होता. मग पुन्हा ०.७६ ने गुणणं म्हणजे एकाच गोष्टीचा दंड दोनदा भरणं.

ठोकळा खरोखर भारी पडत असेल आणि शिवाय मोमेंटही असेल, तर ठोकळ्यावरचा भार मध्यावर नसतो. मग M/V ने विकेंद्रन काढून ठोकळ्याच्या तळाची लांबी त्याच्या दुपटीने कमी धरायची. तुमच्याकडे ३१५/१७७६ = ०.१८ मीटर, म्हणजे ३.५ चे ३.१५ होतात. ४१०० च्या तळातून चारेकशे जातील, तेरा हजारांपुढे ते नगण्य आहेत. पण ‘मोमेंट वाटणीत घेतला, आता एफिशियन्सीत त्याचा विचार नको’ असं मात्र नेहमी नसतं.

वाळूचं दोन ओळींत सांगतो. सैल वाळूत पाइल ठोकून बसवले तर मधली वाळू घट्ट होते आणि ग्रुप सुट्या बेरजेहूनही जास्त पेलू शकतो. बोअर पाइलमध्ये हा फायदा धरू नका, बोअर करताना वाळू उलट सैल होते.

आता मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. चिकणमातीत ग्रुपचा तोटा ताकदीत फारसा दिसत नाही, तो सेटलमेंटमध्ये दिसतो. साइटवर एका पाइलची लोड टेस्ट होईल, सेफ लोडला चार-पाच मिलिमीटर खचेल, सगळे समाधानाने सह्या करतील. ती टेस्ट एकट्या पाइलची आहे आणि एक-दोन दिवसांत उरकते. एकट्या पाइलखालची माती थोड्याच खोलीपर्यंत दाबली जाते. सहा पाइलांचा दाब एकमेकांत मिसळून खूप खोल जातो, आणि चिकणमातीतलं पाणी निघून जायला वर्षं लागतात. ते टेस्टमध्ये दिसणं शक्यच नाही.

अंदाज काढायची जुनी, सोपी रीत आहे. मऊ थराखाली घट्ट थर असेल तर घट्ट थरातल्या पाइलच्या दोन-तृतीयांश खोलीवर, म्हणजे इथे १२ + ५.३ = १७.३ मीटरवर, ठोकळ्याएवढा काल्पनिक राफ्ट धरायचा आणि तिथून दाब २:१ ने पसरवायचा. भार फक्त कायमचा घ्यायचा. वारा आणि क्रेनचा झटका नको, कारण तेवढ्या वेळात चिकणमातीतून पाणी निघत नाही. कॅपसाठी काढलेल्या मातीचं वजन वजा करून समजा तो १२५० उरला. खाली २६ मीटरवर दाट वाळू आहे असं धरू. मधल्या ८.७ मीटरचे तीन थर केले की त्यांच्या मध्यावर दाब येतो साधारण ७३, २५ आणि १३ किलोपास्कल. माती किती दबते ते सांगणारा mv = ०.१ चौरस मीटर प्रति मेगान्यूटन धरला तर एकूण ३२ मिमी. टेस्टमधल्या चार-पाच मिलिमीटरच्या सहा-सातपट. शेडला ते चालेल, पण तुमच्या शेडमध्ये क्रेन आहे. शेजारचा कॉलम हलका असून त्याच्याखाली तीन पाइल असतील आणि तो १५ मिमी खचला, तर क्रेनच्या रुळाला १७ मिमीचा उतार मिळाला. क्रेनवाला ती तक्रार दोन वर्षांनी घेऊन येतो, तेव्हा पाइलचं डिझाइन कोणाला आठवत नाही. म्हणून शेजारच्या कॉलमांची सेटलमेंट एकमेकांशेजारी मांडा. एकट्या कॉलमचा आकडा पाहून काही कळत नाही.

याच मऊ थराबद्दल एक प्रश्न तुम्हाला विचारतो : प्लॉटवर भराव घातलाय का? नदीकाठचे सखल प्लॉट दोन-दोन मीटर भरून उंच करतात. तसा ताजा भराव असेल तर वरची १२ मीटर मऊ माती पाइलच्या बाजूने खाली बसत राहील. पाइलला धरून ठेवण्याऐवजी ती त्याला खाली ओढेल. वरच्या थरातून मिळणारे ४७१ किलोन्यूटन क्षमतेतून जातातच, वर तेच भार होऊन बसतात. उरलेली अंतिम क्षमता ५६४, तिचा सेफ लोड २२६, आणि तुमची सरासरीच २९६ आहे. ग्रुपमध्ये ही ओढ ठोकळ्याच्या परिघापुरती मर्यादित होते असं पुस्तकात वाचाल, पण इथे तीही सूट नाही : ठोकळ्याच्या परिघावर ३३०० येतात, सुट्या पाइलांवर मिळून २८२६. लहान तो धरायचा, म्हणजे सुट्यांचाच. भराव असेल तर हे डिझाइन सरळ बाजूला ठेवा आणि लांब पाइलांचा विचार सुरू करा. तेव्हा ०.७६ की १ या वादाला काही अर्थ उरत नाही.

आता पुन्हा वाटणीच्या सूत्राकडे येतो, कारण डिझाइनमध्ये सगळे पाइल जागेवर असतात आणि साइटवर नसतात.

खाडीलगतच्या एका कामावर मी स्वतः हे पाहिलंय. पाइल झाले तेव्हाच्या नोंदीत प्रत्येकाचं विचलन १० नाहीतर १५ मिमी, अगदी देखणा तक्ता. कॅपसाठी खोदाई केली, डोकी तासली आणि मोजलं, तर एका ग्रुपचा कोपऱ्यातला पाइल २५० मिमी आत आलेला. तक्ता खोटा नव्हता. पाइल तेव्हा जागेवरच होता. नंतर एक्सकॅव्हेटरवाल्याने काढलेला चिखल एकाच बाजूला तीन मीटर उंच रचला, दुसऱ्या बाजूला खड्डा मोकळा, आणि त्या वजनाने मऊ माती आडवी सरकून पाइलला सोबत घेऊन गेली. म्हणून विचलन दोनदा मोजायचं, पाइल झाल्यावर आणि डोकं तासल्यावर. डिझाइनला दुसरा आकडा लागतो. ५०० मिमीच्या पाइलला मुभा फार तर ७५ मिमीची आहे.

तुमच्याच ग्रुपवर हे लावून बघू. एक कोपरा पाइल x = १.५ वरून १.२५ वर आला. पाइलांचा मध्य ०.२५/६ = ०.०४२ मीटर डावीकडे सरकला. कॉलम होता तिथेच आहे, म्हणून १७७६ × ०.०४२ = ७४ एवढा नवा मोमेंट आला. ३१५ चे ३८९ झाले. नव्या मध्यापासून Σx² मोजला तर ८.३०. आता सर्वांत जास्त भार सरकलेल्या पाइलवर नाही, त्याच कडेच्या न सरकलेल्या पाइलवर येतो : २९६ + ३८९ × १.५४ / ८.३० = ३६८. मांडणी असममित झाल्यामुळे Σxy शून्य राहत नाही. तो धरून दोन समीकरणं सोडवली की ३६८ चे ३६६ होतात. ४१४ च्या आत आहे, गणित पास. पण त्या कामावर गणित पास झाल्यावरही आम्ही तो पाइल सोडला नाही. बोअर करतानाच वाकडा गेलेला पाइल आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर मातीने ढकललेला पाइल यांत फरक आहे. ढकललेला वाकतो, आणि मऊ व घट्ट थरांच्या सीमेजवळ त्याला तडा जाण्याची भीती असते. डोक्यावर हातोडी मारून परतणाऱ्या लहरीची टेस्ट घेतली, आणि तिने १० मीटरच्या आसपास खोट दाखवली. शेवटी शेजारी नवे दोन पाइल घालून कॅप मोठी केली. तेव्हा सरकलेला पाइल दिसला की आधी तो का सरकला ते शोधा, Σx² नंतर.

स्प्रिंग सारख्या नसण्याचा दुसरा प्रकार आपल्याकडे मुंबई-ठाण्यात जास्त. खडकाची पातळी एकाच कॅपखाली उतरती असते. एका कडेचे दोन पाइल ८ मीटरवर खडकाला लागले, बाकीचे चार १६ मीटरवर गेले असं धरा. तळावर टेकलेल्या पाइलचा ताठपणा लांबीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे आखूड दोघे दुप्पट ताठ. तेव्हा प्रत्येक पाइलला त्याच्या ताठपणाचं वजन देऊन मध्य काढायचा. तो आखूड पाइलांकडे ०.३७५ मीटर सरकतो. तोच १७७६ आणि तोच ३१५ घेतला, मोमेंट आखूड पाइल दाबणारा धरला, तर त्यांच्यावर ३८०, मधल्यांवर २३३, लांब टोकाच्यांवर २७५. साध्या सूत्राने ३४८, २९६ आणि २४४ आले असते. फरक भयानक नाही, कारण समतोल पाळावाच लागतो, पण ३४८ समजून ३६० च्या सेफ लोडवर खूश असलेला माणूस इथे फसतो. शिवाय वारा नसतानाही कॅप लांब पाइलांकडे कलते.

कॅपच्या ताठपणाचं गृहीतक तुमच्याकडे ठीक आहे. जाडी ०.९ मीटर, कॉलमच्या कडेपासून शेवटच्या पाइलपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास. हीच कॅप कोणी ५०० मिमीची केली तर ती वाकेल, आणि कॉलमजवळचे मधले पाइल सूत्राच्या २९६ पेक्षा जास्त घेतील. मोठ्या, ताठ कॅपखाली मात्र चिकणमातीत याच्या उलट होतं : मधल्या पाइलांभोवतीची माती शेजाऱ्यांनी आधीच दाबलेली असते, म्हणून ते सहज खचतात आणि कोपरे सरासरीहून जास्त भार ओढून घेतात. मोमेंटचा जोरही कोपऱ्यांवरच असतो. तुमच्या सहांच्या ग्रुपमध्ये आत अडकलेला पाइलच नाही, म्हणून फार बिघडत नाही. पंचवीसच्या ग्रुपमध्ये कोपऱ्याच्या पाइलला थोडी जागा शिल्लक ठेवा.

शेवटचं, तुमच्याच शेडमधल्या हलक्या कॉलमांसाठी. तिथे कोणीतरी दोन पाइलांची कॅप सुचवेल. दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने मोमेंट असेल तर सूत्र चालतं. रेषेला आडवा मोमेंट असेल तर त्या दिशेने Σy² शून्य येतो आणि स्प्रेडशीट शून्याने भागाकार झाल्याची चूक दाखवतं. ती चूक झाकायला तिथे एक टिचभर आकडा टाकलेला मी पाहिलाय. ते करू नका. शीट बरोबर सांगतंय की त्या दिशेला या दोन पाइलांची जोडी वाटणीने काहीच पेलत नाही. तो मोमेंट शेजारच्या कॅपपर्यंत जाणाऱ्या ग्रेड बीमने घ्यायचा, आणि त्या बीमचं डिझाइन त्याच मोमेंटसाठी करायचं. नाहीतर तिसरा पाइल घाला.

वरिष्ठांकडे शीट परत नेताना तिच्यात चार ओळी वाढवा : कॅपचं आणि मातीचं वजन, कॅपच्या तळाशी आणलेला मोमेंट, ठोकळ्याचे १३,५७६ विरुद्ध ६२१०, आणि शेजारच्या कॉलमांची सेटलमेंट. ०.७६ ची ओळ खोडा. आणि भरावाचं उत्तर मला नक्की कळवा, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.